मे महिन्याचं लाइट बिल आणि फ्लॅटमधलं भांडण: वाटणी कुठे बिघडते आणि कशी दुरुस्त करायची

गेल्या आठ वर्षांत सोलापुरात मी चार फ्लॅट बदलले. पोरं बदलली, घरमालक बदलले, पण एप्रिल संपता संपता होणारं भांडण काही बदललं नाही. लाइट बिल येतं, कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकून खाली "भागिले चार" लिहितं, आणि रात्री जेवताना कुणीच कुणाशी बोलत नाही. सध्या मी जुळे सोलापुरात टू बीएचकेमध्ये राहतो, आम्ही चौघं आहोत. नवीन माणूस राहायला आला की पहिल्याच आठवड्यात त्याला जे समजावून सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय. आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोडा खर्च, आणि शेवटी जिथे आपण हात लावायचा नाही त्या गोष्टी.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी घरात दिसत असतील तर वाटणी बिघडलेली आहे असं समजा.

- फेब्रुवारीत हजाराच्या आत असलेलं बिल मेमध्ये चार हजारांच्या वर गेलंय, पण "आपण काय चौपट वीज थोडीच वापरली" असं सगळेच म्हणतायत.
- एका खोलीत एसी, दुसरीत कूलर, हॉलमध्ये नुसता पंखा. आणि पैसे मात्र तिघांचे सारखे.
- शनिवार-रविवार गावाला जाणारा दर महिन्याला "मी नव्हतोच की बे" म्हणतो.
- किराण्याची चिठ्ठी कायम एकाच माणसाच्या खिशात सापडते.
- नेट भरायची तारीख उलटून जाते, कारण ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो "मीच का दरवेळी" म्हणून मुद्दाम थांबलाय.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. तीन खर्च तीन जातीचे आहेत आणि आपण त्यांना एकच भागाकार लावतो. नेटचं बिल कुणी घरी असो वा नसो, तेवढंच येतं. किराणा ताटावर ठरतो. वीज ठरते यंत्रावर, आणि वर तिला टप्प्यांचं कोष्टक आहे. सगळ्यात जास्त भांडण विजेचं, म्हणून तिथूनच सुरुवात.

तपासणी पहिली: बिल नीट वाचा (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

बिलाचा एकूण आकडा बघून भांडू नका. आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी लॉक, फॉल्टी असं काही छापलं असेल, किंवा युनिट सरासरीने धरले असतील, तर ते बिल तुमच्या त्या महिन्याच्या वापराचं नाहीच. असं एखादं बिल कमी येतं, सगळे खूश होतात, आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला राहिलेले युनिट एकदम अंगावर येतात. ते त्या एका महिन्यात राहणाऱ्यांच्या माथी मारणं चूक आहे. ज्या महिन्यांत ते जळाले, त्या महिन्यांतल्या माणसांचे ते आहेत. दुसऱ्या फ्लॅटमध्ये आमच्याकडे हेच झालं होतं. मार्चमध्ये सोडून गेलेल्या पोराचे युनिट एप्रिलमध्ये आलेल्याने भरले, आणि ही गोष्ट ऑगस्टमध्ये उघडकीला आली.

दुसरं म्हणजे थकबाकी. मागच्या वेळी उशीर झाला असेल तर ती रक्कम याच बिलात जमा झालेली असते. ती बाजूला काढा.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ते वीज वापराचं बिल नव्हे. ती ठेव मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात राहते, म्हणजे घरमालकाच्या. भाडेकरूंनी ती चौघांत वाटून भरली तर फ्लॅट सोडताना ती मागायला कुणी जात नाही. सरळ मालकाला फोटो पाठवा आणि "काका, हे तुमच्या खात्याचं आहे" म्हणून सांगा. आमच्या आत्ताच्या मालकांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. आधीच्या एकाने केली होती. तेव्हा आम्ही ती रक्कम भरली आणि डिपॉझिटच्या पावतीवर लिहून घेतली.

तपासणी दुसरी: मेन बंद करून मीटर बघा (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, पण दोनदा)

वाटणीवर वाद घालण्याआधी जी वीज आपण वाटतोय ती आपलीच आहे ना, हे बघायला हवं. घरातला मेन स्विच पाडा आणि जिन्याखालच्या मीटरपाशी जा. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मेन बंद असेल तर हा दिवा लुकलुकता कामा नये.

लुकलुकत असेल तर मिनिटभर मोजा. ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला जितक्या लुकलुकी, त्याला १८.७५ ने गुणलं की किती वॅट चाललेत ते कळतं. मीटरवर १६०० लिहिलं असेल तर ३७.५ ने गुणा.

ही तपासणी दोनदा करा असं मी सांगतो, त्यामागे तिसऱ्या फ्लॅटचा अनुभव आहे. आम्ही रात्री नऊला मेन पाडून बघितलं, दिवा गप्प. बिल तरी फुगलेलंच. महिनाभर आम्ही एकमेकांवर संशय घेतला. एकाने तर दुसऱ्याचा लॅपटॉप चार्जर लपवून ठेवला. मग एकदा सकाळी सहाला, खालच्या टाकीतून वर पाणी चढवायची मोटर सुरू असताना, सहज मेन पाडला. मिनिटाला ५४ लुकलुकी. १८.७५ ने गुणा, हजार वॅटच्या वर जातं. एक एचपीची मोटर कागदावर ७४६ वॅटची असली तरी वीज हजारभर वॅट ओढते. अख्ख्या बिल्डिंगची मोटर आमच्या मीटरनंतर पण मेनच्या आधी घेतलेल्या वायरवर चालली होती. रोज दोन तास म्हणजे महिन्याला साठेक युनिट. सोलापुरात पाण्याचं टायमिंग काय असतं ते सांगायला नको. मोटर कधी पहाटे, कधी सकाळी, म्हणून रात्रीच्या तपासणीत ती सापडलीच नाही.

मेन बंद असूनही दिवा हलत असेल तर इथेच थांबा. वायर कुठून कुठे गेली हे स्वतः शोधायचं नाही. मालकाला सांगून परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि मीटरच्या सीलला तर बोटही लावू नका. सील तुटलेलं सापडलं की "आम्ही फक्त बघत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही. वीजचोरीचं कलम लागू शकतं.

तपासणी तिसरी: टप्पा कुणी ओलांडला ते बघा (खर्च शून्य, वही-पेन)

फेब्रुवारीपेक्षा मेमध्ये युनिट तिप्पट, पण बिल साडेचारपट, असं होतं ते टप्प्यांमुळे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्याच्या वर. पहिल्या शंभराचा दर सगळ्यात कमी, पुढच्या दोनशेचा जवळपास दुप्पट, त्याच्या पुढे आणखी चढा. हे टप्पे मीटरला आहेत, माणसाला नाहीत. चार जण राहतात म्हणून चारशे युनिट स्वस्त मिळत नाहीत.

दर बदलत असतात, म्हणून खालचे आकडे मी हिशेबाला सोपे जावेत असे गोल धरलेत. तुम्ही आपल्या बिलाच्या मागचे दर घाला. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिले १०० युनिट ६ रुपयांनी, पुढचे २०० युनिट १२ रुपयांनी, त्यापुढचे १६ रुपयांनी. स्थिर आकार १३०. सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

फेब्रुवारीत ११० युनिट: ६०० अधिक १२० अधिक १३०, शुल्क धरून ९८६ रुपये. मेमध्ये ३४० युनिट: ६०० अधिक २४०० अधिक ६४० अधिक १३०, शुल्क धरून ४,३७३ रुपये. सगळं भांडण या दोन आकड्यांच्या मधलं आहे.

तपासणी चौथी: यंत्राचे युनिट मोजा (खर्च हजाराच्या आसपास, एकदाच)

एसीवाला म्हणतो "इन्व्हर्टर आहे, काही खात नाही". पंख्यावाला म्हणतो "तूच सगळं खातोस". दोघांनाही आकडा माहीत नाही. प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो त्या यंत्राने किती युनिट घेतले ते दाखवतो. एसीसाठी १६ अँपिअरचाच घ्या. लहान पिनचा स्वस्तातला आणून त्यावर अडॅप्टर चढवून एसी चालवला तर तो वितळतो. आम्ही एक वितळवला आहे, त्याचा वास दोन दिवस गेला नव्हता.

मापकाशिवाय अंदाज करायचा असेल तर वॅट गुणिले तास भागिले हजार. दोनशे वॅटचा कूलर रात्री नऊ तास चालला तर १.८ युनिट, महिन्याला ५४. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, पण मेमध्ये सोलापुरात गीझर लावणाऱ्याची आधी तब्येत विचारावी; टाकीचंच पाणी अंगाला चटका देतं. कूलर-गीझरला हा अंदाज चालतो. एसीला चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबत-चालत राहतो, आणि बाहेर ४३ अंश असताना तो कमी थांबतो. एसी मोजायलाच हवा.

इथे एक चूक सगळे करतात. मापकाचं रीडिंग एक तारखेला घेतात, आणि बिलाचं रीडिंग झालेलं असतं महिन्याच्या मधेच कधीतरी. मग बेरीज जुळत नाही आणि पुन्हा संशय. बिलावर रीडिंगची तारीख असते. दर महिन्याला साधारण तीच येते. त्याच दिवशी मापकाचा फोटो काढून ग्रुपवर टाका.

दुरुस्ती: स्वस्त शंभर युनिट सगळ्यांचे

आता आमच्या मे महिन्याचं उदाहरण. नावं नको, गावावरून हाक मारतो. अकलूजकर एकटा एका बेडरूममध्ये, त्याचा स्वतःचा एसी. बार्शीकर आणि मंगळवेढेकर दुसऱ्या खोलीत, दोघांत एक कूलर. मी हॉलमध्ये, पंख्याखाली. मापकावर एसी १५० युनिट. कूलर ५४. उरले १३६, त्यात फ्रिज, दिवे, पंखे, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळं सामायिक. चौघांत ३४-३४.

म्हणजे माझे ३४ युनिट, बार्शीकर आणि मंगळवेढेकर यांचे प्रत्येकी ६१, अकलूजकराचे १८४. बेरीज ३४०, बिलाशी जुळते.

सरळ भागिले चार केलं तर प्रत्येकी १,०९३. हे कुणालाच पटण्यासारखं नाही, अकलूजकरालाही नाही. तो फक्त गप्प बसतो.

दुसरी पद्धत म्हणजे सरासरी दर. ४,३७३ भागिले ३४० म्हणजे युनिटला १२.८६ रुपये, आणि ज्याचे जितके युनिट तितके पैसे. अकलूजकराचे २,३६७ होतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण यात माझ्या पंख्याचा दरही १२.८६ होतो. माझे ३४ युनिट एकट्याचे असते तर पहिल्या शंभराच्या स्वस्त दरातच बसले असते.

तिसरी पद्धत बार्शीकराने काढली. तो बँकेत आहे, त्याला असलं सुचतं. एसी नसता तर १९० युनिटचं बिल २,१०० आलं असतं, तेव्हा वरचे २,२७३ सगळे एसीचे. सामायिक धरून अकलूजकर २,६४९. यावर अकलूजकराने विचारलं, "माझाच एसी शेवटचा का धरायचा? तुमचा कूलर शेवटी धरा की!" आणि त्याचं चुकत नव्हतं. मीटरला कुठलं यंत्र आधी आणि कुठलं नंतर हे कळत नाही.

म्हणून मी मांडलेला आणि आता तीन उन्हाळे टिकलेला मार्ग असा. पहिले शंभर स्वस्त युनिट माणशी समान: प्रत्येकाला २५. त्याच्यावर ज्याचे जितके युनिट, त्या सगळ्यांना वरच्या टप्प्यांचा सरासरी दर. या बिलात वरचे युनिट २४० आणि त्यांची किंमत ३,०४०, म्हणजे युनिटला १२.६७. स्थिर आकार चौघांत समान, कारण तो वापरावर नाही. शेवटी सगळ्यावर १६ टक्के.

माझं: २५ युनिटचे १५०, वरच्या ९ चे ११४, स्थिर आकार ३२.५०, शुल्कासह ३४४ रुपये. बार्शीकर, मंगळवेढेकर: १५० अधिक ३६ युनिटचे ४५६, अधिक ३२.५०, शुल्कासह प्रत्येकी ७४१. अकलूजकर: १५० अधिक १५९ युनिटचे २,०१४, अधिक ३२.५०, शुल्कासह २,५४८. बेरीज एक रुपयाने वर जाते, तो पूर्णांकाचा.

अकलूजकराची रक्कम आधीच्या दोन पद्धतींच्या मधे बसली. त्याला स्वस्त युनिटमधला त्याचा वाटा मिळाला, मला माझा. शीटमध्ये बी रकान्यात प्रत्येकाचे युनिट भरायचे आणि सी रकान्यात हे टाकायचं:

```
=(25*6+(B2-25)*3040/240+130/4)*1.16
```

३०४० आणि २४० हे आकडे दर महिन्याला बदलतात, ते बिलावरून काढून घाला. माणसं तीन असतील तर २५ च्या जागी १०० भागिले ३ आणि स्थिर आकारातल्या चाराच्या जागी तीन.

याची मर्यादाही सांगतो. हे गणित फक्त मार्च ते जून करायचं. एकूण युनिट दीडशेच्या आत असतील तर सरळ भागिले चार करा. तेव्हा फरक पन्नास-साठ रुपयांचा असतो, आणि तेवढ्यासाठी शीट उघडणाऱ्याला चहा पाजावा लागतो. शिवाय एखाद्याचे युनिट २५ च्या खाली गेले तर हे सूत्र त्याच्या न वापरलेल्या स्वस्त युनिटचे पैसे वरच्या महाग दराने वजा करायला लागतं.

आणखी एक. एसीवाल्या खोलीत तुम्ही रात्री गाद्या टाकून सगळे झोपत असाल, तर एसी त्याचा एकट्याचा राहत नाही. आमच्याकडे गेल्या मेमध्ये अकलूजकराने शांतपणे तेवढं सांगितलं, आणि ज्या रात्री जितके जण आत झोपले तितक्यांत त्या रात्रीचे पाच युनिट वाटले गेले. त्यानंतर मंगळवेढेकर परत कूलरपाशी गेला.

इंटरनेट

इथे फार डोकं लावू नका. महिन्याचा ६०० चा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ७०८, चौघांत १७७. गावाला गेला तरी १७७, कारण बिल कमी होत नाही. कोण किती जीबी वापरतो ते राउटरवर बघता येतं म्हणून ते वाटणीत आणणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

बिघाड दोनच ठिकाणी होतो. एकाला घरून काम आहे आणि हजाराचा प्लॅन हवाय. तर ६०० चं बिल सगळ्यांचं आणि वरचे ४०० व त्यावरचा जीएसटी, मिळून ४७२, त्याचे एकट्याचे. दुसरं, सहा महिन्यांचे ४,२४८ एकदम भरले आणि दोन महिन्यांनी एक जण फ्लॅट सोडतोय. त्याचे उरलेल्या चार महिन्यांचे ७०८ रुपये परत यायला हवेत, पण ते राहिलेल्या तिघांनी देऊ नयेत. त्याच्या जागी जो येईल त्याने द्यावेत. जागा रिकामी राहिली तर तो महिना त्याचाच. हे पैसे भरतानाच ग्रुपवर लिहून ठेवा, निघताना नाही.

किराणा: खाडे मोजा, घास मोजू नका

ज्यांनी कधी मेसचा डबा लावलाय त्यांना खाडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तेच घरात आणायचं. फ्रिजवर कॅलेंडर लावा, रोजच्या चौकोनात दुपार आणि रात्र अशी दोन घरं. जेवला त्याने आपलं अक्षर लिहायचं. महिनाअखेरीस सामायिक किराणा भागिले एकूण जेवणं.

आमचा मेचा हिशेब: पीठ, तांदूळ, डाळ, तेल, भाजी, दूध, गॅस मिळून ६,००० रुपये. जेवणं माझी ५०, मंगळवेढेकराची ४८, बार्शीकराची ३४ कारण शुक्रवारी संध्याकाळी तो बार्शीची एसटी धरतो, अकलूजकराची १८ कारण त्याला एमआयडीसीत कंपनीचं कॅन्टीन आहे. एकूण १५०, म्हणजे ताटाला ४० रुपये. माझे २,०००, मंगळवेढेकराचे १,९२०, बार्शीकराचे १,३६०, अकलूजकराचे ७२०. सरळ भागाकारात अकलूजकराने १,५०० भरले असते. ज्याला लाइट बिलात जास्त बसलं त्याला इथे कमी बसलं, आणि त्यामुळेच त्याने विजेचं गणित मान्य केलं, असं माझं मत आहे. तिन्ही खर्च एकाच दिवशी, एकाच शीटवर ठेवायचं कारण हेच.

पद्धत बिघडते ती अशी. नऊला फोन येतो, "मी बाहेर खातोय", आणि भात चौघांचा शिजलेला असतो. म्हणून खाडा आदल्या रात्री सांगितला तरच धरायचा. शिजल्यावर सांगितला तर ताट मोजायचं. पाहुणा आला तर ताट ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर, गड्ड्याच्या जत्रेला आलेले तीन भाऊसुद्धा. अंडी, मटण, प्रोटीनचा डबा आपापला. चहा-साखर सामायिक; कपाचा हिशेब ठेवणाऱ्याबरोबर मी राहून बघितलंय, पुन्हा राहणार नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा पगार मात्र ताटावर नाही, नेटसारखा समान. तुम्ही गावाला गेलात म्हणून त्यांचा पगार कमी होत नाही, होऊही नये.

घरून येणाऱ्या मालाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मंगळवेढेकर शेतातली ज्वारी आणायचा, वीस-वीस किलो, वर आईने दिलेली शेंगा चटणी. तीन महिने काही बोलला नाही. चौथ्या महिन्यात किराण्याचे पैसे मागितल्यावर म्हणाला, "आणि भाकरी कुणाच्या खायलाय बे?" बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून ज्वारी दुकानातल्या त्या दिवसाच्या भावाने त्याच्या नावावर जमा धरतो, सामायिक खर्चात मिळवतो आणि त्याच्या देण्यातून वजा करतो. चटणीचे पैसे लावू का विचारलं तेव्हा तो खरंच चिडला. ती तशीच राहू दिली.

एवढं करूनही जुळत नसेल तर

मापकाची आणि अंदाजांची बेरीज बिलापेक्षा दहा-पंधरा युनिटने कमी-जास्त येणं ठीक आहे. चाळीस-पन्नासचा फरक दोन महिने सलग आला तर वाटणीत नाही, वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये बघायला हवं. काही मीटरवर `E/L` लिहिलेला वेगळा दिवा असतो. तो सतत पेटलेला दिसला तर करंट गळतोय किंवा शेजारच्या फ्लॅटच्या न्यूट्रलशी आपली वायर मिसळली आहे, अशी शक्यता असते. हे काम इलेक्ट्रिशियनचं. एसीचा प्लग हाताला गरम लागणं, एमसीबी पुन्हा पुन्हा पडणं, बोर्डातून जळका वास येणं, यातलं काहीही असेल तर त्या रात्री एसी बंद आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलवायचा. याचा खर्च घरमालकाचा; वायरिंग त्यांचं आहे.

मीटरच जास्त पळतोय असा संशय असेल तर तपासणीचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर आहे त्यानेच महावितरणकडे करायचा असतो, त्यासाठी फी भरावी लागते. आपण मालकाला दोन महिन्यांचे रीडिंगचे फोटो द्यायचे. तक्रारीला १९१२ आहे. बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून फोन करा.

आणि एक जण पैसे देतच नसेल, तर बिल थांबवून त्याला धडा शिकवायला जाऊ नका. वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस येते, पण ती मालकाच्या नावावर, आणि मग भांडण चौघांचं राहत नाही. बाकीच्यांनी मुदतीत भरा, त्याचा वाटा डिपॉझिटमधून वळता करायचं मालकाला तिघांनी मिळून लेखी कळवा. दोन महिने हेच चाललं तर मालकाला मधे घ्या. मित्र म्हणून समजावण्याची पायरी तोवर मागे पडलेली असते.

सोडून जाणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशीच्या मीटरच्या फोटोवर करा. बिल नंतर येतं, म्हणून मागच्या महिन्याच्या दराने अंदाज काढून पैसे घ्या आणि बिल आल्यावर फरक परत करा. या जूनमध्ये बार्शीकराची बदली झाली. आठवड्याने बिल आलं, त्याचे ६२ रुपये निघत होते. पाठवले.